टपरी, दोन माणसं आणि पान पाच

लिफ्ट बंद असल्याची सूचना मी एकदा जरा बऱ्या मराठीत लिहिली होती. तेव्हापासून आमच्या सोसायटीत मी लेखक आहे. दर गणपतीत मंडपात एक नाटुकलं होतं आणि यंदा ते लिहिण्याचं काम माझ्यावर आलं. 'आलं' म्हणजे सेक्रेटरींनी जिन्यात गाठून सांगितलं. "चहाची टपरी. दोन अनोळखी माणसं. पेपरातल्या मथळ्यावरून भांडतात, मग हळूहळू त्यांचं पटतं. पंधरा मिनिटं. राजकारण नको. टपरीचा सेट स्वस्तात होतो."

यातलं शेवटचं वाक्य हे खरं कारण होतं. एक टेबल, एक किटली, दोन स्टुलं. गेल्या वर्षी पन्हाळगड उभारताना खजिनदारांचं जे झालं ते अजून हिशेबाच्या वहीत लाल शाईत आहे.

मथळा कोणता, यावर समितीची बैठक झाली. कुणी क्रिकेट म्हणालं, कुणी मंगळावरचं पाणी. मी विचारलं, मंगळावर पाणी सापडल्यानं टपरीवरच्या माणसाचं काय बिघडतं? तो "असं का?" म्हणेल आणि चहा पिऊन निघून जाईल. भांडण रंगायचं तर मथळ्यानं एकाच्या खिशात पैसे घातले पाहिजेत आणि दुसऱ्याच्या खिशातून काढले पाहिजेत. नुसत्या मतांवरचं भांडण संपतच नाही, हे सोसायटीच्या ग्रुपवर रोज दिसतं. शेवटी मी माझ्या मनानंच लिहिलं: 'कांदा गडगडला, ग्राहकांना दिलासा'.

या मथळ्याची गंमत स्वल्पविरामात आहे. त्याच्या अलीकडे एक माणूस बुडालाय आणि पलीकडे दुसरा सुटलाय. मग पात्रं आपोआप आली. एक जुन्नरकडचा शेतकरी. गुलटेकडीच्या मार्केट यार्डात साठवणीच्या चाळीतला कांदा विकून, खिशात विक्रीची पट्टी घेऊन एसटीची वाट बघतोय. दुसरा सदाशिव पेठेतला मेसवाला, मुलांची जेवणं संपवून दुपारच्या चहाला आलेला.

पहिली अडचण पात्रांची नव्हती, चहाची होती. टपरीवरचा चहा दोन मिनिटांत संपतो. दोन परकी माणसं भांडली तर ग्लास ठेवून आपापल्या वाटेला लागतील, पंधरा मिनिटं थांबतील कशाला? पूर्वी लेखकांची सोय होती. पाचशेची नोट काढायची, टपरीवाल्यानं "सुट्टे नाहीत" म्हणायचं आणि माणूस अडकायचा. मी तेच लिहिलं, तर शेतकऱ्याचं काम करणारा सी विंगमधला मुलगा म्हणाला, "पण तो स्कॅन करेल ना!" क्यूआर कोडनं मराठी रंगभूमीचं केवढं नुकसान केलंय याची कुणी नोंद घेत नाही. पाऊस आणायचा तर पत्र्यावरच्या आवाजासाठी खजिनदार पैसे देईनात.

मग तोडगा टपरीवरच मिळाला. टपरीवरचा पेपर कधी अखंड नसतो. एकाच्या हातात पहिलं पान, दुसऱ्याच्या हातात मधली पानं आणि राशिभविष्याच्या पानावर कुणीतरी भजी खाऊन गेलेला. मथळ्याखाली दोन ओळी असतात आणि मग 'सविस्तर वृत्त पान ५ वर'. म्हणजे मेसवाल्याकडे मथळा आहे, शेतकऱ्याकडे बातमी आहे, आणि एकमेकांशिवाय दोघांनाही ती पुरी होत नाही. हे सुचल्यावर मी स्वतःच्या खर्चानं क्रीमरोल खाल्ला.

सुरुवात अशी लिहिली:

मेसवाला: (मोठ्यानं वाचत) कांदा गडगडला! वा! देव आहे म्हणायचा.
शेतकरी: (पान खाली न करता) कुणाचा देव?
मेसवाला: अं?
शेतकरी: नाही, म्हटलं, कुणाकडचा देव? आमच्याकडं तर आला नाही.
मेसवाला: अहो साहेब, दोन महिने फोडणीला कांदा दाखवून परत डब्यात ठेवत होतो.
शेतकरी: मग खा की आता. माझ्या नावानं दोन जास्त खा.

इथपर्यंत सगळे खूश. खरी कसोटी होती 'हळूहळू'ची. सेक्रेटरींच्या मते याचा अर्थ असा, की बाराव्या मिनिटाला टपरीवाला पुढं येईल, हात जोडेल आणि शेतकरी व ग्राहक ही एकाच आईची लेकरं कशी, यावर बोलेल. त्यांनी ते भाषण लिहूनही आणलं होतं. त्यात 'बळीराजा' हा शब्द प्रत्येक ओळीत होता.

मी टपऱ्यांवर पुष्कळ भांडणं ऐकली आहेत आणि भाषणानं मिटलेलं एकही आठवत नाही. मिटतं ते कुणीतरी पहिल्यांदा खरा प्रश्न विचारल्यावर. तोवर दोघंही प्रश्न विचारत असतात, पण ते टोमणे असतात, "मग आम्ही काय उपाशी मरायचं का?" याला उत्तर नको असतं. खरा प्रश्न साधा असतो. आमच्या नाटकात तो मेसवाल्यानं भांडणाच्या भरातच विचारला: "एवढं बोलताय तर सांगा ना, किती गेला?"

शेतकरी खिशातून पट्टी काढतो. चाळीस गोण्या, पन्नास किलोची एक. क्विंटलला हजार रुपये. मेसवाल्याच्या डोक्यात हिशेब पटकन होतो, कारण तो धंदेवाला आहे: वीस हजार. "बरे की!" शेतकरी पट्टीवर पुढं बोट सरकवतो. टेम्पोचं भाडं बत्तीसशे, हमाली-तोलाई आणि बाकी किरकोळ मिळून आठशे, शिवाय बारदानाचे हजार. उरले पंधरा हजार, म्हणजे किलोला साडेसात रुपये. रोपं, लागण, खुरपणी, काढणी यातलं काहीच अजून धरलेलं नाही.

(हे आकडे नाटकातले आहेत. तालमीत एक जण रोज वेगळाच भाव म्हणायचा, तेही बाजाराला धरूनच झालं.)

आता मेसवाला गप्प होतो, कारण त्यानं सकाळीच अठ्ठावीसनं कांदा घेतलाय. "मधले वीस गेले कुठं?" इथं समितीला खलनायक हवा होता. व्यापारी दाखवा, म्हणाले, त्याला मिशा लावू. पण मी दोघांना पेपरच्या मार्जिनवर तो वीस रुपयांचा प्रवास लिहायला लावला. व्यापाऱ्यानं माल निवडला. बारकी गोल्टी वेगळी, कोंब आलेला वेगळा, सडका बाहेर. मग भाजीवाल्यानं घेतला, टेम्पो केला, गाळ्याचं भाडं भरलं. मेसवाल्यालाच आठवतं की परवाच्या पाच किलोत अर्धा किलो काळा निघाला आणि भाजीवाल्यानं तो निमूट बदलून दिला. तो अर्धा किलोही कुणाच्या तरी भावातच बसलेला. रक्कम पुरी जुळत नाही, दोन-तीन रुपये बेपत्ता राहतात, आणि त्यासाठी कुणाला शिव्या द्यायच्या हे दोघांनाही ठरवता येत नाही. रागाला जागाच मिळेना की माणूस चहा सांगतो. मेसवाला ओरडतो, "एकात दोन दे रे!" एकच चहा, दोघांत.

पटलं म्हणायचं ते यानंतर. मेसवाला म्हणतो, "मागं साठ झाला होता, तेव्हा तुमची चंगळ असेल." शेतकरी हसतो. "साठ झाला तेव्हा माझ्या चाळीत काय होतं? कोंब. एप्रिलमध्ये भरलेल्या शंभर किलोचे चार-पाच महिन्यांत सत्तर राहिले तरी नशीब. वाळून घटतो, सडतो. माल असतो तेव्हा भाव नसतो, भाव असतो तेव्हा माल नसतो." मग मेसवाला आपलं सांगतो. मुलांचा महिन्याचा रेट जूनमध्येच ठरलेला. दिवसाला सहा किलो कांदा लागतो. साठ झाला की अठ्ठाविसाच्या हिशेबानं रोजचे जवळजवळ दोनशे रुपये घरचे. मुलांना वर्षाच्या मध्ये रेट वाढवून सांगता येत नाही. एक मुलगा गेला की त्याच्याबरोबर सगळी रूम जाते.

म्हणजे एकानं कांदा लावला तेव्हा आणि दुसऱ्यानं रेट ठरवला तेव्हा, दोघांनीही पुढचा भाव माहीत नसताना शब्द दिलेला. हे वाक्य मी कुणाच्याही तोंडी घातलं नाही. मेसवाला नुसतं विचारतो, "मामा, दिवाळीत काय होईल?" आणि शेतकरी म्हणतो, "मला ठाऊक असतं तर मी एसटीनं गेलो असतो का?" सुरुवातीचा 'साहेब' इथं 'मामा' झालेला असतो, तो कधी झाला ते ऐकणाऱ्याला कळू नये, एवढीच माझी हौस होती. नटानं पहिल्या तालमीत तिसऱ्याच मिनिटाला 'मामा' म्हणून टाकलं.

राजकारणावरून एकदा अडलंच. शेतकऱ्याच्या तोंडी होतं, "एकदा माल होता आणि भावही होता. डिसेंबर २०२३. आठ तारखेला निर्यात बंद झाली." सेक्रेटरी म्हणाले, काढा. मी म्हणालो, ही तारीख आहे, टीका नाही. त्यांनी सुधारणा सुचवली: "वरून बंदी आली." यावर पहिल्या रांगेतल्या आजी 'वरून' म्हणजे कुठून समजतील, हे मी गणपतीच्या मूर्तीकडे बघून विचारलं. तारीख राहिली. मेसवाल्याचं "कांद्यानं १९९८ मध्ये दिल्लीतलं सरकार घालवलं" हे मात्र गेलं. ते इतिहासाच्या पुस्तकात चालतं, मंडपात नाही.

मग प्रयोग. मंडपात शेगडी पेटवायला मनाई, म्हणून चहा थर्मासमधून किटलीत आणि किटलीतून ग्लासात. पहिल्या घोटाला शेतकऱ्याची जीभ भाजली आणि "कुणाचा देव?" हे इतक्या कळवळून आलं की टाळ्या पडल्या. पान पाच आयत्या वेळी सापडेना. त्यावर खरंच कुणीतरी भजी ठेवली होती. शेतकऱ्यानं तेलकट पान हातात घेतलं आणि ते जास्तच खरं वाटलं. टपरीवाला झालेल्या सेक्रेटरींनी 'बळीराजा' म्हणायला दोनदा तोंड उघडलं, दोन्ही वेळा मेसवाल्यानं चहा सांगितला.

पडदा पडल्यावर पहिल्या रांगेतल्या आजी काठी टेकत थेट माझ्याकडे आल्या. मी नम्रपणे मान खाली घातली.

"छान होतं हो," त्या म्हणाल्या. "तो मेसवाला खरा आहे का? आमच्याकडे संध्याकाळचा डबा देईल?"