ताई, तुमच्या कंपनीत इंटरव्ह्यूला काय विचारतात?

भरतीचा हंगाम सुरू झाला की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मुलांचे मेसेज येतात. बहुतेकांचा मजकूर वर लिहिलाय तेवढाच. मी प्रत्येकाला उत्तर देते, पण खरं सांगते, या प्रश्नाला उपयोगी पडेल असं उत्तर माझ्याकडे नसतं. लेखी परीक्षेबद्दल सांगू, कॅड टेस्टबद्दल, की एचआरबद्दल? मग मीही 'बेसिक पक्कं कर' असं काहीतरी लिहून पाठवते आणि दोघांचाही वेळ वाया जातो.

मागच्या महिन्यात मात्र खानापूर तालुक्यातल्या एका मुलीचा मेसेज आला. तिला विचारूनच इथे देतेय.

'नमस्कार ताई, मी आपल्याच कॉलेजची, मेकॅनिकल, शेवटचं वर्ष. तुमच्याकडे डिझाइन ट्रेनीसाठी शॉर्टलिस्ट झालेय. मेलमध्ये लेखी, कॅड टेस्ट, टेक्निकल आणि एचआर अशा चार फेऱ्या दिल्यात. प्रश्न सांगू नका, फक्त स्वरूप विचारायचं होतं. कॅड टेस्टला ड्रॉइंग फर्स्ट अँगलमध्ये असतं की थर्ड? तुमच्या वेळी जास्त मुलं कुठल्या फेरीत गळाली, आणि कशामुळे? तुम्ही कुठल्या साली दिला होता?'

मी बसमध्ये होते. घरी पोहोचायच्या आत उत्तर लिहून पाठवलं, कारण तिने विचारलेली प्रत्येक गोष्ट मला माहीत होती.

त्यातला अँगलचा प्रश्न कुणी क्वचितच विचारतं. कॉलेजात आपण फर्स्ट अँगल शिकतो, म्हणजे वरून दिसणारं चित्र समोरच्या चित्राच्या खाली. अमेरिकन ग्राहकांची ड्रॉइंग थर्ड अँगलमध्ये असतात, तिथे तेच चित्र वर येतं. मी माझ्या पहिल्या कॅड टेस्टला (दुसऱ्या एका कंपनीत) सवयीने फर्स्ट अँगल धरूनच बसले. ब्रॅकेट होतं, एका अंगाला दोन आरपार छिद्रं. मॉडेल झालं, मटेरियल दिलं, वजन काढलं, कागदावर दिलेल्या वजनाशी तंतोतंत जुळलं. मी खुशीत बाहेर आले. छिद्रं मात्र पुढच्या बाजूला हवी होती, ती मागे गेली होती. पार्ट आरशातला झाला होता, आणि आरशातल्या पार्टचं वजन तेवढंच भरतं, त्यामुळे वजनाच्या तपासणीत ही चूक सापडतच नाही. ती सापडते टायटल ब्लॉकजवळच्या छोट्या चिन्हात, कापलेल्या शंकूच्या दोन चित्रांत. ते मी पाहिलंच नव्हतं.

म्हणून तिला लिहिलं: माऊसला हात लावायच्या आधी ते चिन्ह शोध. आमच्याकडे बहुतेक थर्ड अँगल असतं.

गळतीबद्दलही मोकळेपणाने सांगितलं. लेखी परीक्षेत मुलं गळतात, पण माझ्या बॅचची जास्त मुलं टेक्निकलमध्ये गळाली, तीही फिट्सवर. H7/g6 हा क्लिअरन्स फिट आहे हे सगळ्यांना पाठ असतं. मग समोरचा माणूस 25 मिलिमीटरचा शाफ्ट धरून विचारतो, फट किती राहील? भोक 25.000 ते 25.021, शाफ्ट 24.980 ते 24.993, म्हणजे फट कमीत कमी 7 मायक्रॉन, जास्तीत जास्त 41. आकडे पाठ नसले तरी चालतं, तक्ता देतात. पण सर्वांत लहान भोकातून सर्वांत मोठा शाफ्ट वजा करायचा, हे कागदावर मांडून दाखवता यायला हवं. हे सांगण्यात मी कुठलाही प्रश्न फोडला नाही. तो कुणासाठीही फोडायला मी तयार नाही, आणि तिने 'प्रश्न सांगू नका' असं आधीच लिहिल्यामुळे मला संकोच उरला नाही.

साल विचारलं तेही फार बरं केलं. मी 2019 ला इंटरव्ह्यू दिला, तेव्हा लेखी परीक्षा कागदावर होती. एकट्या माझ्या आठवणीवर विसंबू नको, गेल्या दोन वर्षांत लागलेल्या कुणालातरी विचार, असं मी तिला सांगितलं आणि एकाचं नाव दिलं.

अजून एक. बरीच मुलं 'रिस्पेक्टेड मॅडम'ने सुरू होणारा, कुठूनतरी उतरवलेला इंग्रजी मेसेज पाठवतात. दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली आमचीच पोरं, मला मेसेज करताना भाषा कशाला बदलता? मराठीत लिहा. टेक्निकलला इंग्रजीतच बोलावं लागतं हे खरं, पण अडलं तर पेन मागून आकृती काढता येते, आमच्याकडे ते चालतं. ही गोष्टही मी त्या मुलीला सांगू शकले, कारण तिने पुढच्याच मेसेजमध्ये लिहिलं, 'ताई, बोलताना अडखळते, भीती वाटते.'

फेऱ्या संपल्या त्या रात्री तिने स्वतःहून कळवलं. लेखी परीक्षा आता कॉम्प्युटरवर झालीय, कॅड टेस्ट एका तासाची आहे, आणि ड्रॉइंग थर्ड अँगलमध्येच होतं. निकाल अजून यायचाय. तिची माहिती मी लिहून ठेवलीय, पुढच्या मुलाला तीच सांगणार.