चटणी १० ऐवजी २४ मे ला मिळणार, आणि उशीर का झाला ते ऐका

सगळ्या ताई, वहिनी, काकू, दादांनो, आधी माफी मागते. रविवारी १० तारखेला वर्षाची चटणी देते म्हणून तुमच्याकडून निम्मे पैसे घेतले होते आणि दिली नाही. त्याहून वाईट म्हणजे दोन दिवस कुणाचा फोन उचलला नाही. काय सांगायचं हेच सुचत नव्हतं, पण म्हणून गप्प बसणं बरोबर नव्हतं. शेहेचाळीस घरं वाट बघत होती. माझं चुकलं.

नवी तारीख रविवार, २४ मे. आता काय झालं ते सांगते, कारण डोकं अजून तापलेलंच आहे आणि मिरचीत काय चालतं हे तुम्हालाही कळायला पाहिजे.

या खेपेला ६० किलो मिरची घेतली. १५ किलो संकेश्वरी गडहिंग्लजकडच्या नेहमीच्या शेतकऱ्याकडून आणि ५ किलो लवंगी. ती दोन्ही चांगली निघाली, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. रंगासाठी ४० किलो ब्याडगी लागते, ती मात्र गावातल्याच एका व्यापाऱ्याकडून घेतली. ३२० रुपये किलो. रविवारी ३ तारखेला गेले तेव्हा दुकानात गर्दी होती. त्यानं पोत्याचं तोंड सोडलं, वरची मूठभर मिरची माझ्या हातात दिली. लालभडक, सुरकुतलेली, मोडली की कडकन तुटणारी. मी म्हटलं, घाला.

तिथंच घात झाला. पोतं घेताना हात कोपरापर्यंत आत घालायचा असतो, हे मला आईनं शिकवलंय. वरची मिरची कुणाचीही कडकच असते, दुकानात उघडी पडलेली असते. पोत्याच्या मधे हात गेला आणि बोटांना गार लागलं की समजायचं, पाणी मारलंय. त्या दिवशी घाईत मी हात घातला नाही. एवढी वर्षं चटणी करून मी हे केलं नाही, याचा राग अजून जात नाही.

घरी आणून गच्चीवर जुन्या सुती साड्या अंथरल्या आणि पोती ओतली. ओतताच कळलं. मधली मिरची वातड, चामड्यासारखी वाकणारी. कानाजवळ धरून हलवली तर बी खुळखुळत नाही. चांगल्या वाळलेल्या मिरचीत बी सुटं झालेलं असतं, हलवली की वाजतं. ही मुकी होती.

नेहमी ४० किलो ब्याडगी आणली की दोन दिवसांच्या उन्हात किलो-दीड किलोची घट येते, ती धरलेलीच असते. या वेळी चौथ्या दिवशी वजन केलं तर काटा ३३ वर. सात किलो गेले कुठं? पाणी होतं ते! सात किलो पाण्याचे मी ३२० रुपयांच्या भावानं २,२४० रुपये मोजले. पंचगंगेचं पाणी मिरचीच्या भावानं विकत घेतलं मी!

जाऊन विचारलं तर म्हणतो, "ताई, सगळेच मारतात. कोरडी मिरची पोत्यात भरताना चुरते, धुरळा उडतो, हमालाला ठसका लागतो." यातलं थोडं खरं आहे, तेवढंच सांगून लोक वाचतात. एकदम कडक मिरची भरताना तुटते आणि बी गळतं, म्हणून भरायच्या आधी हलकासा शिडकावा मारतात आणि उन्हात तो उडून जातो. पण शिडकावा वेगळा आणि ४० किलोत ७ किलो वेगळं! हे चुरा वाचवायला नाही, वजन वाढवायला मारलेलं पाणी आहे. आणि वर मला म्हणतो, "माल एकदा उन्हात पसरला की परत नाही." उन्हात पसरल्याशिवाय मला कळणार कसं? कळलं की परत नाही, आणि कळायच्या आधी तक्रार करायची कशाची?

नुसते पैसे गेले असते तर मी दात-ओठ खाऊन गप्प बसले असते. पण ओली मिरची पोत्यात दाबून ठेवली की आत बुरशी धरते. बाहेरून दिसत नाही, साल लालच असते. दोन मिरच्या मधे चिरून बघितल्या, आत बियांच्या दांडीला राखेसारखी करडी बुरशी, आणि वास कुबट. मग सगळी मिरची निवडायला बसलो. मी, सासूबाई आणि शेजारच्या वहिनी, तिघी जणी. तोंडाला ओढणी बांधून, हाताला तेल लावून, तरी रात्रभर हाताची आग आग होत होती. पोत्याच्या तळाचा माल सगळ्यात वाईट. बुरशीचं विष शिजवून जात नाही, भाजूनही जात नाही, म्हणून त्यातली एकही मिरची मी ठेवली नाही.

गुरुवारी ७ तारखेला दुपारी उरलेली पसरलेली असताना वळीव आला. तुम्ही सगळे कोल्हापूरचेच, मे महिन्यातलं हे तुम्हाला नवीन नाही. तीनपर्यंत डोळे उघडवत नाहीत असं ऊन आणि चारला काळंकुट्ट आभाळ. साड्यांची चारही टोकं धरून गाठोडी बांधेपर्यंत टपोरे थेंब सुरू झाले. तीन गाठोडी वाचली, चौथं भिजलं. पावसाला काय बोलायचं, तो त्याच्या वेळेला येतोच. पण मिरची मुळात कोरडी असती तर मंगळवारीच उचलली असती, गुरुवारी गच्चीवर राहिलीच नसती. बुरशीची आणि भिजलेली धरून बारा किलो टाकून दिली. हातात राहिली २१ किलो.

तरी शुक्रवारी माझा डंकावर नंबर होता म्हणून आशेनं गेले. या दिवसांत डंकावर नंबर मिळणं म्हणजे काय, ते रांगेत उभं राहणाऱ्यालाच ठाऊक. डंकवाल्या काकूंनी पिशवीत हात घातला, मूठ आवळली, आणि उघडली. मिरची चुरली नव्हती, नुसती दबली होती. म्हणाल्या, "पोरी, अजून सादळलेली हाय. ही कांडली तर लगदा हुईल, उखळीला चिकटून बसंल. घेऊन जा." मागच्या बाईंनी लगेच आपला डबा पुढं सरकवला. माझा नंबर गेला. मी तशाच भरल्या पिशव्या घेऊन परत आले, रस्त्यात रडू आलं.

आणि यावर लोकांचे सल्ले! "कढईत गरम करून घ्या की, होतंय." होत नाही हो! ओली मिरची कढईत टाकली की वरून करपते आणि आत ओलीच राहते. करपली की चटणी कडू आणि काळपट, ब्याडगीचा रंग गेला. भाजायची असते ती वाळलेली मिरची, तेलाच्या हातानं, मंद आचेवर, चटकन. वाळवायचं काम उन्हाचं आहे, चुलीचं नाही. दुसरा सल्ला खुद्द त्या व्यापाऱ्याचा: "तयार पूड देतो, कमी पडली त्यात मिसळा, कुणाला कळतंय?" मला कळतंय! जी आजी माझ्याकडची चटणी नुसती भाकरीवर तेल टाकून खाते, तिला पहिल्या घासाला कळतंय. मिरचीत पाणी मारणारा माणूस पुडीत काय मारत असेल, ते मला माहीत नाही आणि तुमच्या ताटात मला ते जाऊ द्यायचं नाही.

"थोडी ओली असली तर काय बिघडतं, फ्रीजमध्ये ठेवू," असं दोघी-तिघींनी विचारलं, प्रेमानंच विचारलं. बिघडतं. चटणीत तळलेला कांदा, खोबरं, लसूण, कोथिंबीर सगळं असतं. मिरची कोरडी आणि कांदा आतपर्यंत कुरकुरीत तळलेला असला, तर मीठ आणि हिंगाच्या खड्यांवर ती बरणीत वर्षभर राहते. मिरचीत ओल राहिली तर पावसाळ्यात गोळे धरायला लागतात, श्रावणापर्यंत वर पांढरी साय येते. मग तुम्ही मला बोलाल, आणि बरोबर बोलाल.

आता पुढचं. १८ किलो नवी ब्याडगी दुसरीकडून घेतली. हात कोपरापर्यंत घालून, तिन्ही पोत्यांत. तेवढ्यावर थांबले नाही, आधी एकच किलो घरी आणली, दिवसभर उन्हात ठेवली आणि संध्याकाळी परत वजन केलं. ९६० ग्रॅम भरली, म्हणजे ठीक. मग बाकीची उचलली. हा खर्च माझा. तुमचा भाव ठरला तोच राहील, एक रुपया वाढणार नाही.

मिरचीला तीन उन्हं द्यायची आहेत. मग देठं काढणं, मसाला भाजणं. कांदा चिरून वाळवून तयार आहे, पण तळायचा आदल्याच दिवशी, कारण तळलेला कांदा आणि खोबरं पडून राहिलं की खवट होतं. डंकावरचा नवा नंबर गुरुवार, २१ मे. डंकातून चटणी गरम निघते, गरम भरली की झाकणाला घाम धरतो, म्हणून दोन रात्री पातेल्यांवर सुती कापड टाकून निवू देणार. शनिवारी वजनं. रविवारी तुमच्या हातात.

मधे परत वळीव आला आणि दिवस हुकला, तर २० तारखेला संध्याकाळी मी स्वतः सगळ्यांना कळवणार. या वेळी गप्प बसणार नाही. ज्यांना थांबायचं नाही त्यांनी तसं सांगा, दिलेले पैसे त्याच दिवशी परत करते, कारण विचारणार नाही आणि मनातही धरणार नाही. ज्या काकूंचा मुलगा १४ तारखेला बाहेरगावी नोकरीला निघतोय, त्यांना माझ्या घरच्या गेल्या वर्षीच्या बरणीतली अर्धा किलो काल पोचवली. अजून कुणाचं असं अडलं असेल तर आजच बोला, माझ्याकडे साधारण दोन किलो उरलीय.

२४ तारखेला सकाळी नऊपासून संध्याकाळी सातपर्यंत मंगळवार पेठेत घरीच मिळेल. ज्यांना येणं जमत नाही त्यांच्याकडे माझा मुलगा गाडीवरून आणून देईल, त्याचे वेगळे पैसे नाहीत. बरण्या स्वतःच्या आणा, पण सकाळी धुऊन लगेच आणू नका. दोन दिवस आधी धुवा, कडक उन्हात उपड्या ठेवा, आणि झाकणाच्या आट्यांमध्ये बोट फिरवून बघा, तिथं पाणी राहतं.