शेवटपर्यंत इक्विटीतच ठेवा म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

"मुलांच्या शिक्षणासाठी 15 वर्षांची एसआयपी लावा आणि विसरून जा. 1) लाँग टर्ममध्ये इक्विटीत रिस्क राहत नाही. 2) एसआयपीत अ‍ॅव्हरेजिंग होतं, मार्केट पडलं तरी आपला फायदाच. 3) शेवटी डेटमध्ये हलवलं की रिटर्न मरतो, वर टॅक्स बसतो. 4) ऐन वेळी पडलंच तर एक-दोन वर्षं थांबा, परत वर येतंच."

हा मेसेज आमच्या सोलापुरात प्रत्येक ग्रुपवर फिरतोय, आणि ज्यांच्या घरात दोन-तीन वर्षांचं पोर आहे तेच तो सगळ्यात जास्त पुढे ढकलतायत, म्हणून सविस्तर लिहितो. इक्विटी म्हणजे शेअरमधले पैसे आणि डेट म्हणजे व्याज देणाऱ्या कर्जरोख्यांतले, एवढं धरून चला.

हिशोबाला एकच घर धरू. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचे लूम असलेले एक गृहस्थ, मुलगी तीन वर्षांची, पुढं पुण्यात हॉस्टेलला राहून इंजिनिअरिंग करेल असा विचार. आजच्या भावानं चार वर्षांचं सगळं मिळून 12 लाख धरलं आणि शिक्षणाचा खर्च वर्षाला 8 टक्क्यांनी वाढतो असं मानलं तर 15 वर्षांनी तेच 38 लाख होतात. त्यांची एसआयपी महिना 10,000 ची. इक्विटीला 11 टक्के धरले तर 15 वर्षांनी साडेपंचेचाळीस लाख, खिशातून गेलेले 18 लाख. हे टक्के मी धरलेले आहेत, कुणी गॅरंटी दिलेली नाही, तुम्ही तुमचे धरून बघा.

आता पहिला मुद्दा. पंधरा वर्षांत सरासरी चांगली निघते हे मलाही मान्य आहे, पहिली दहा वर्षं पूर्ण इक्विटीत राहा हे तर मी स्वतः सांगतो. पण सरासरी ही पूर्ण प्रवासाची असते आणि फी मात्र एका ठराविक तारखेला भरायची असते. 2020 च्या जानेवारीत निफ्टी 12,300 च्या वर होता आणि 23 मार्चला 7,610 वर बंद झाला, म्हणजे दोन महिन्यांत साधारण 38 टक्के खाली. हाच मार पंधराव्या वर्षी बसला तर साडेपंचेचाळीसचे 28 लाख राहतात. चौदा वर्षं सगळं बरोबर केलं, एकही हप्ता चुकवला नाही, तरी 38 लाखाला 10 लाख कमी. पहिल्या वर्षी असाच मार बसला असता तर फोलिओत सव्वा लाखाच्या आसपासच असते, नुकसान 45-50 हजारांचं आणि भरून काढायला चौदा वर्षं हातात. पडझड तीच, टक्के तेच, फक्त कुठल्या वर्षी आली यावर सगळं ठरतं. म्हणजे रिस्क पंधरा वर्षांत विरघळून जात नाही, पैसे वाढत जातात तशी ती रुपयांत मोठी होत जाते.

दुसऱ्या मुद्द्यावर मला जरा जास्त बोलायचंय, कारण इथंच चांगले शिकलेले लोक पण फसतात.

अ‍ॅव्हरेजिंग काम करतं कधी, तर नवीन येणारे पैसे आधी साठलेल्या पैशाच्या मानानं मोठे असतात तेव्हा. पहिल्या वर्षाच्या शेवटी फोलिओत साधारण सव्वा लाख असतात आणि पुढच्या वर्षी अजून 1 लाख 20 हजार येणार असतात, म्हणजे पडलेल्या भावात जवळजवळ तितकीच खरेदी होते, तिथं खरंच फायदा होतो. चौदाव्या वर्षाच्या शेवटी याच हिशोबात फोलिओत 39-40 लाख असतात आणि वर्षाची एसआयपी तीच 1 लाख 20 हजार, म्हणजे जेमतेम 3 टक्के. 40 लाखाला 38 टक्क्यांचा खड्डा पडला की 15 लाख जातात, आणि तो खड्डा तुम्ही महिन्याला 10,000 नं कसा भरणार सांगा. एसआयपी दरवर्षी वाढवत नेली तरी साठलेल्या रकमेपुढं ती लहानच राहते.

यातूनच अजून एक चूक होते. एकानं परवा विचारलं, "मी शेवटच्या पाच वर्षांत नवीन एसआयपी डेट फंडात लावतो, मग झालं ना?" नाही झालं. पाच वर्षांची एसआयपी म्हणजे 6 लाख, आणि जुने 21-22 लाख तसेच इक्विटीत वाढत बसलेले. हलवायचं असतं ते जुनं, साठलेलं.

कसं हलवायचं? मी साधा हिशोब सांगतो. दहा वर्षं पूर्ण झाली, फोलिओत समजा 21 लाख 70 हजार. अकराव्या वर्षाच्या सुरुवातीला 80 टक्के इक्विटी आणि 20 टक्के डेट करायचं, बाराव्याला 60 आणि 40, तेराव्याला 40 आणि 60, चौदाव्याला 20 आणि 80, आणि पंधराव्याच्या सुरुवातीला इक्विटी शून्य. एकदम हलवायला जीव होत नसेल तर एसटीपी लावा, महिन्याला ठराविक रक्कम त्याच फंड हाऊसच्या डेट फंडात जात राहते. तारीख आधी ठरवायची आणि मार्केट बघून बदलायची नाही, कारण "अजून थोडं वर जाऊ दे" म्हणणारा माणूस तेजीत हलवत नाही आणि मंदीत तर हलवूच शकत नाही. एकच सूट मी देतो, टार्गेट लवकर जमलं तर लवकर बाहेर पडा.

आणि मधेच पडलं तर? समजा तेराव्या वर्षाच्या सुरुवातीला 29 लाख आहेत, त्यातले 40 टक्के म्हणजे साडेअकरा लाख इक्विटीत. 38 टक्के पडलं तर साडेचार लाख जातात, दुखतं, पण बाकीचे साडेसतरा लाख जागेवर असतात आणि अजून तीन वर्षं हातात असतात. पूर्ण इक्विटीत असता तर एका फटक्यात 11 लाख गेले असते.

तिसऱ्या मुद्द्यात निम्मं खरं आहे, म्हणून आकडे मांडूनच बोलू. डेटला साडेसहा टक्के धरून वरच्या पद्धतीनं हलवत आणलं तर शेवटी 40 लाख होतात, म्हणजे न हलवण्यापेक्षा साडेपाच लाख कमी. ही किंमत आहेच, मी लपवत नाही. आता टॅक्स. आजच्या नियमानं वर्षभरापेक्षा जास्त ठेवलेल्या इक्विटी फंडाच्या नफ्यावर वर्षाला 1 लाख 25 हजारांपर्यंत टॅक्स नाही, त्यापुढच्या नफ्यावर साडेबारा टक्के. न हलवता शेवटी एकदम काढलं तर साडेसत्तावीस लाखाच्या नफ्यातून ही सूट एकदाच मिळते आणि सव्वातीन लाखाच्या आसपास टॅक्स जातो. पाच वर्षांत तुकड्यातुकड्यानं हलवलं तर हीच सूट पाच वेळा मिळते. उलट डेटच्या नफ्यावर स्लॅबप्रमाणे टॅक्स लागतो, एप्रिल 2023 नंतर घेतलेल्या डेट फंडाला जुना फायदा नाही. 20 टक्क्यांचा स्लॅब धरला तर दोन्हीकडचा मिळून साधारण अडीच लाखाच्या आत येतो. हातात साडेसदतीसच्या आसपास, टार्गेटच्या अगदी जवळ, आणि ते कमी पडणारे 50 हजार महिन्याला दोनशे रुपये जास्त घालून निघतात. एक्झिट लोडची, म्हणजे लवकर पैसे काढले की कापल्या जाणाऱ्या रकमेचीही भीती घालतात, तर बहुतेक इक्विटी फंडात तो वर्षाच्या आत काढलं तरच लागतो आणि युनिट काढताना आधी जुनी जातात, त्यामुळं दहा वर्षं जुन्या फोलिओला तो प्रश्नच येत नाही.

फक्त "डेट" म्हणजे कुठलंही डेट नाही. एप्रिल 2020 मध्ये फ्रँकलिन टेंपल्टननं सहा डेट स्कीम बंद केल्या आणि लोकांचे पैसे कित्येक महिने अडकून राहिले, पुढं टप्प्याटप्प्यानं मिळाले, पण ज्याची फी जूनमध्ये भरायची होती त्याला त्याचा काय उपयोग? एक-दीड टक्का जास्त मिळतोय म्हणून कमी पत असलेल्या कंपन्यांना पैसे देणाऱ्या क्रेडिट रिस्क फंडात जाऊ नका, लांब मुदतीच्या सरकारी रोख्यांच्या लाँग ड्युरेशन गिल्टमध्येही नको, कारण व्याजदर वाढले की तोही खाली येतो. शॉर्ट ड्युरेशन किंवा मनी मार्केट, आणि शेवटच्या वर्षाची फी लिक्विड फंडात किंवा सरळ एफडीत. मुलगी असेल तर सुकन्या पण चांगली आहे, पण खातं उघडल्यापासून 21 वर्षांनी पूर्ण होतं आणि अठराव्या वर्षी शिक्षणासाठी निम्मीच रक्कम काढता येते, तेवढीच धरून हिशोब करा.

चौथा मुद्दा. सेन्सेक्स जानेवारी 2008 मध्ये 21,000 ला गेला होता, त्याच वर्षी ऑक्टोबरात 8,000 च्या घरात आला. नोव्हेंबर 2010 मध्ये एकदा परत 21,000 ला लागला, पुन्हा घसरला, आणि परत तिथं पोचायला 2013 चा शेवट उजाडला. सीईटी झाली, कॅप राउंडला सीट लागली की फी भरायला काही दिवसच मिळतात, कॉलेज सेन्सेक्ससाठी थांबत नाही. आणि आपल्या गावचं एक वेगळंच आहे. मार्च 2020 ला फंड खाली आला तेव्हा लॉकडाऊनमध्ये लूमही बंद होते, टॉवेल-चादरीचा माल गोडाऊनमध्ये पडून, उधारी अडकलेली. ज्या महिन्यात फोलिओ अर्धा दिसतो त्याच महिन्यात धंद्यातून पैसे काढायचीही सोय नसते, मग थांबायचं कशावर? एज्युकेशन लोन मिळतं, बरोबर आहे, गरज पडली तर घ्यावंही, पण दहा लाखाचं लोन मुलीच्या डोक्यावर कशाला, साडेपाच लाख कमी कमवून जर ते टळत असेल तर.

थांबायला थोडी जागा मात्र खरंच आहे, ती मेसेजमध्ये सांगितलेलीच नाही. फी एकदम लागत नाही, चार वर्षांत लागते. पंधरावं वर्ष हे फक्त पहिल्या वर्षाच्या फीचं, चौथ्या वर्षाची फी एसआयपी सुरू केल्यापासून अठराव्या वर्षी. मी वर सोप्यासाठी सगळंच शून्यावर आणलं, पण ज्याची तयारी आहे त्यानं शेवटच्या वर्षाचा हिस्सा अजून दोन वर्षं इक्विटीत ठेवला तर चालतं. पहिल्या दोन वर्षांच्या फीला मात्र हात लावू नका.

आणि एक कागदाचं काम. फोलिओ मुलीच्या नावावर, तुम्ही गार्डियन, असं असेल तर ती 18 ची झाली की फोलिओ थांबतो, एसआयपी आणि एसटीपी दोन्ही बंद पडतात, आणि तिचं पॅन, केवायसी, तिच्या नावाचं बँक खातं देऊन मायनरचं मेजर केल्याशिवाय एक रुपया काढता येत नाही. आपल्या उदाहरणात 18 वा वाढदिवस आणि अ‍ॅडमिशन एकाच वर्षात येतात. वाढदिवस मे-जूनमध्ये असेल तर पहिल्या वर्षाची फी त्याआधीच काढून घरच्या खात्यात आणून ठेवा, किंवा सुरुवातीलाच फोलिओ स्वतःच्या नावावर काढा आणि मुलीला नॉमिनी लावा. टॅक्सच्या दृष्टीनं फरक नाही, ती 18 ची होईपर्यंत तिच्या नावावरचा नफा आईवडिलांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त त्याच्याच उत्पन्नात धरला जातो.