मधाचं बोट

"भाऊजी, आम्ही सगळे मध चाटूनच मोठे झालो. तिकडे गेलं की मध विषारी होतो का?"

वहिनीचा हा मेसेज घरच्या ग्रुपवर आला तेव्हा इथे कॅलिफोर्नियात रात्रीचे साडेअकरा वाजले होते. पुतणीचं बाळ तीन महिन्यांचं. पुष्य नक्षत्र आलं म्हणून त्याला गंगापूर रोडला सुवर्णप्राशनाला न्यायचं ठरलेलं. त्यात मध असतो, नेऊ नका, एवढंच मी लिहिलं होतं. सोबत आमच्या बरणीवरच्या 'वर्षाखालच्या बाळाला मध देऊ नका' या सूचनेचा फोटोही टाकला. तो टाकायला नको होता. कॅलिफोर्नियाचं लेबल दाखवून पंचवटीत कोणी ऐकत नाही, उलट चिडतं.

काकांनी लगेच लिहिलं, "मधात जंतू वाढतच नाहीत. आणि हा पेठ-सुरगाण्याकडचा अस्सल मध आहे. फारच शंका असेल तर गरम करून द्या."

काका अर्धे बरोबर आहेत. मधात पाणी इतकं कमी आणि आंबटपणा इतका की बोटुलिझमचा, म्हणजे बाळाला लुळं पाडणाऱ्या आजाराचा, जंतू त्यात वाढत नाही. पण मरतही नाही. त्याचा बीजाणू टणक कवचात पडून राहतो, कोठीतल्या बियाण्यासारखा. तो मुळात मातीतला, धुळीतला. मधमाशीबरोबर पोळ्यात येतो, म्हणून मध जंगलातला असो की कारखान्यातला, फरक पडत नाही. साध्या उकळण्यानेही तो मरत नाही, त्याला प्रेशरखाली १२१ अंश लागतात. एवढं तापवल्यावर मध मध राहील का, हे काकांनीच सांगावं.

तुमच्या-माझ्या पोटात तो गेला तर आतड्यातल्या जुन्या वस्तीकऱ्यांच्या गर्दीत त्याला जागा मिळत नाही. तान्ह्या बाळाच्या आतड्यात ही वस्ती अजून बसलेली नसते. तिथे ओल आहे, ऊब आहे, हवा नाही. बीजाणू तिथे रुजतो आणि विष तयार करत राहतो. नसेकडून स्नायूला जाणारा निरोप ते विष अडवतं.

इथल्या ओळखीच्या एका मराठी घरात चार महिन्यांच्या मुलीला हे झालेलं मी पाहिलंय. आधी तीन दिवस शी नाही. सगळे म्हणाले, होतं असं. मग रडणं बारीक झालं, मांजराच्या पिल्लासारखं. दूध ओठांच्या कडेने ओघळू लागलं. संध्याकाळी पापण्या अर्ध्यावर आल्या, मान कलली. ताप मात्र नाही. डॉक्टरांनी शीचा नमुना तपासायला पाठवला, पण अहवालाची वाट न पाहता प्रतिविष मागवलं. आमच्या राज्याचं आरोग्य खातंच ते पुरवतं, २००३ पासून त्याला मंजुरी आहे. नसेत शिरलेलं विष त्याने परत निघत नाही, पुढचं थांबतं फक्त. पोरगी दोन आठवडे व्हेंटिलेटरवर होती. आता सायकल चालवते.

आणि हे मी ग्रुपवर लिहिलं नाही: तिला कोणी मध दिलाच नव्हता. शेजारी खोदकाम चालू होतं, कदाचित ती धूळ. बहुतेक बाळांच्या बाबतीत बीजाणू कुठून आला ते कळतच नाही. धूळ टाळता येत नाही, मध टाळता येतो, एवढाच सगळा वाद.

आईने मध्येच विचारलं, "म्हणजे बाळगुटीसुद्धा बंद? तुला वेखंड उगाळून दिलं तेव्हा कुठे काय झालं?" आईच्या बोलण्यात मी नेहमी पाच महिन्यांचाच असतो.

शेवटी शाळेतल्या मित्राला फोन केला. तो नाशिकलाच बालरोगतज्ज्ञ आहे. म्हणाला, "आजार दुर्मिळच आहे. पण आपल्याकडे कमी होतो की कमी ओळखला जातो, सांगता येत नाही. लुळं पडलेलं बाळ आलं की आधी सेप्सिस वाटतं, जेंटामायसिन सुरू होतं. त्या औषधाने हाच अशक्तपणा आणखी वाढतो. खरा धोका पहिल्या सहा महिन्यांत, वर्षाची मर्यादा सावधपणाची. वहिनींना सांग, वर्षानंतर हवा तेवढा चाटवा. आणि तू जरा कमी बोल."

बरोबर आहे त्याचं. इथे कित्येक घरी तान्ह्या बाळांना वेगळ्या खोलीत एकटं झोपवतात, त्याचा फोटो मी कधी ग्रुपवर टाकला नाही.

माझा मुलगा अडीच महिन्यांचा असताना आम्ही नाशिकला गेलो होतो. बारशाला आईने चांदीच्या वाटीत मध घेतला, करंगळी बुडवली, त्याच्या ओठांना लावली. मला सगळं माहीत होतं. बायकोने माझ्याकडे पाहिलं. आईचा चेहरा इतका उजळला होता की मी कॅमेरा वर केला.

लक्षणं दिसायला महिनाही लागू शकतो, हे वाचलेलं होतं. परत आल्यावर रोज रात्री मी त्याच्या पापण्या बघायचो. शी झाली की कॅलेंडरवर खूण करायचो. बायको विचारायची, कशाच्या खुणा? मी म्हणायचो, डायपरचा हिशोब.

वहिनीला अजून उत्तर दिलेलं नाही. तो बारशाचा फोटो ग्रुपवर आहेच, आईने त्याचाच डीपी ठेवलाय.