फोर्डचा घोडा आणि खानावळीचे खाडे

‘लोकांना काय हवंय ते लोकांनाच कळत नसतं. फोर्डने विचारलं असतं तर त्यांनी जास्त वेगवान घोडा मागितला असता. कस्टमर इंटरव्ह्यूत सेमिस्टर घालवू नका. गूगल फॉर्म फिरवा, ८० टक्के “हो” आले की सरळ अ‍ॅप बनवायला घ्या!’

भाचीच्या प्रोजेक्ट ग्रुपवर हे आलं आणि टीमने लगेच फॉर्म बनवायला घेतलासुद्धा. म्हणून हा खटाटोप.

आधी फोर्ड. घोड्याचं ते वाक्य त्याने म्हटल्याचा त्याच्या हयातीतला एकही पुरावा सापडलेला नाही. तो गेला १९४७ साली. घडलं ते मात्र नोंदलेलं आहे. त्याची मॉडेल टी ही मोटार १९०८ मध्ये आली आणि धो धो खपली. पुढे गिऱ्हाइकाला रंग, बंदिस्त गाडी आणि हप्ते हवे झाले. जनरल मोटर्सने ते दिलं, फोर्ड आपलंच घोडं दामटत राहिला. १९२७ मध्ये मॉडेल टी बंद करून नव्या गाडीसाठी कारखाने कित्येक महिने थांबवावे लागले. गिऱ्हाइकाचं न ऐकण्याची किंमत दाखवायला याहून चांगलं उदाहरण शोधून सापडणार नाही.

अर्धं खरं आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. उपाय काय असावा हे गिऱ्हाईक सांगू शकत नाही. पण मुलाखतीत उपाय विचारायचाच नसतो. मागच्या वेळी काय घडलं, ते विचारायचं असतं.

आता त्या ८० टक्क्यांकडे येऊ, कारण खरं नुकसान तिथे आहे. या मुलांची कल्पना अशी: खानावळवाल्याला आज किती जण जेवायला येणार ते आधी कळावं, म्हणजे अन्न वाया जाणार नाही. फॉर्ममधला प्रश्न: ‘असं अ‍ॅप असेल तर वापराल का?’ फॉर्म गेला वर्गमित्रांना. हो म्हणायला पैसे पडत नाहीत आणि नाही म्हटलं तर मित्र रुसतो, म्हणून सगळे हो म्हणतात. शिवाय पैसे देणार खानावळवाला, आणि त्याला कुणी विचारलेलंच नाही.

त्याच्याकडे जायचं ते दुपारी तीननंतर, गर्दी ओसरल्यावर. दोघांनी जायचं. एकाने विचारायचं, दुसऱ्याने त्याचेच शब्द लिहून घ्यायचे. अ‍ॅपचं नाव काढायचं नाही. ‘अन्न वाया जातं का हो?’ असंही विचारायचं नाही, कारण उत्तर प्रश्नातच आहे. ‘काल रात्री किती जण आले? काय उरलं? त्याचं काय केलंत?’ असं विचारा. समजा तो म्हणाला, भात उरला, सकाळी फोडणीचा केला, पोळ्या तर लागतील तशाच लाटतो. संपलं. तुमची अडचण त्याची अडचण नाही, आणि हे एका दुपारी, एकही ओळ कोड न लिहिता कळलं.

लगेच उठू नका. ‘मागच्या महिन्यात सगळ्यात जास्त डोकं कशात गेलं?’ असं विचारून गप्प बसा. समजा त्याने खाड्यांची वही काढली. कोण किती दिवस जेवला नाही, त्याचे पैसे कापायचे की नाही, आदल्या दिवशी सांगितलं होतं का, यावरून महिनाअखेरीला वाद. वहीत खाडाखोड आहे, मुलांचे मेसेज त्याने तारीखवार जपून ठेवलेत. माणसाने स्वतःच जुगाड केलंय, म्हणजे दुखणं खरं आहे. ‘सहसा’, ‘बहुतेक’ अशी उत्तरं आली तर मात्र त्यांवर काट मारा आणि शेवटचा नेमका प्रसंग विचारा.

अशा एकाच प्रकारच्या दहा-बारा खानावळी घ्या. त्यांत डबे पोचवणारे मिसळू नका, त्यांचं गणित वेगळं. निम्म्याहून जास्त जणांनी न सुचवता खाड्यांचाच विषय काढला, तर अडचण सापडली असं धरून चाला. बारा जणांवरून टक्केवारी काढू नका, तेवढ्यावरून ती निघत नाही.

उपाय जुळतो का, ते त्यानंतर पाहायचं, तेही अ‍ॅपविना. एका महिन्यासाठी दोन-तीन खानावळींचे खाडे तुम्हीच एका शीटवर ठेवा, रोज रात्री मालकाला आकडा पाठवा आणि आधी दोनशे रुपये मागा. ‘छान आहे, बनवा’ याची किंमत शून्य. दोनशे मोजले, किंवा निदान जुनी वही तुमच्या हाती दिली, तर पुढे जा. पैसे घेऊनही पंधराव्या दिवशी तो परत वहीतच लिहू लागला, तर तुमचा उपाय वहीपेक्षा सोपा नाही.

राहिलं ‘सेमिस्टर वाया जातं’. अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने २०११ मध्ये आय-कॉर्प्स सुरू केलं, आपल्या शोधाला गिऱ्हाईक आहे का ते तपासायला संशोधकांना शिकवणारं प्रशिक्षण. त्यात संशोधकांच्या टीमकडून साधारण सात आठवड्यांत सुमारे शंभर मुलाखतींची अपेक्षा असते. तुम्हाला बाराच करायच्या आहेत. रोज दोन खानावळी धरल्या तर एक आठवडा पुरतो, फक्त रविवार टाळा, बऱ्याच खानावळी त्या दिवशी संध्याकाळी बंद असतात.