थायरॉइडची गोळी वाढवून चरबी उतरत नाही

थायरॉइडचे रुग्ण तपासता तपासता माझी बरीच वर्षं गेली. पहिल्या भेटीत सर्वात जास्त वेळा कानावर पडणारा प्रश्न एकच: "डॉक्टर, गोळी सुरू केली की वजन किती उतरेल?" याचं खरं उत्तर कोणी आधी सांगत नाही आणि पुढचा सगळा घोळ तिथून सुरू होतो. म्हणून आज सविस्तर लिहिते आहे.

एका बाईंची गोष्ट सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे, नाव देत नाही. वय ३८. वजन वर्षानुवर्षं ६६ किलोच्या आसपास, ते आठ महिन्यांत ७१ झालं. चेहरा सुजल्यासारखा, कातडी कोरडी, थंडी सोसवेना, दिवसभर झोप. थायरॉइड ग्रंथीला कामाला लावणारं मेंदूकडचं हार्मोन, म्हणजे टीएसएच, ६२ आला (साधारण ०.४ ते ४ असायला हवा) आणि ग्रंथी स्वतः सोडते ते हार्मोन, म्हणजे फ्री टी४, खाली. म्हणजे ग्रंथी कमी पडण्याचा आजार, खराखुरा, चांगला मुरलेला हायपोथायरॉइडिझम. ग्रंथी जवळपास थंडावलेली असली तर लेव्होथायरॉक्सिनचा, म्हणजे या टी४ च्या गोळीचा, पूर्ण डोस किलोमागे सुमारे १.६ मायक्रोग्रॅम पडतो. त्या हिशोबाने रोज १०० मायक्रोग्रॅम सुरू केली. हृदयविकार असता किंवा वय जास्त असतं तर २५ पासून चढत गेले असते.

आठ आठवड्यांनी टीएसएच ३.१ आणि वजन ६८.२. सहाव्या महिन्यात ६७.४. चेहऱ्यावरची सूज गेली, आवाज मोकळा झाला, झोप आटोक्यात आली. मी खूश होते. त्या नव्हत्या. त्यांच्या मनात ५८ किलो होते. कोणीतरी सांगितलं होतं की थायरॉइडमुळे वजन वाढतं, मग गोळीने ते सगळंच उतरायला हवं.

इथे थांबून एक गोष्ट नीट समजून घेऊ या. हायपोथायरॉइडमध्ये वाढलेलं वजन मुख्यतः चरबीचं नसतं. हार्मोन कमी पडलं की कातडीखाली आणि इतर ऊतींमध्ये हायलुरोनिक अ‍ॅसिडसारखे चिकट पदार्थ साठतात. ते स्पंजासारखं पाणी धरून ठेवतात. मूत्रपिंडंही मीठ आणि पाणी पुरेसं बाहेर टाकत नाहीत. बोट दाबलं तर खड्डा न पडणारी ती सूज याचीच. गोळी सुरू झाली की हे पाणी लघवीवाटे निघून जातं आणि काट्यावरचा आकडा खाली येतो. डेन्मार्कमधल्या एका छोट्या अभ्यासात (२०११) नव्याने निदान झालेल्या रुग्णांची शरीररचना उपचाराआधी आणि वर्षभराने मोजली होती. वजन सरासरी चार किलोंच्या वर उतरलं, पण चरबीचं प्रमाण जवळजवळ जागच्या जागी होतं.

म्हणून माझा अंदाज मी पहिल्याच दिवशी सांगते: आजार खरा आणि जुना असेल तर साधारण २ ते ५ किलो, तेही बहुतेक पहिल्या तीन ते सहा महिन्यांत. टीएसएच शंभराच्या पुढे गेलेला, अंगभर सुजलेला रुग्ण असेल तर याहून जास्त. आणि टीएसएच ६ किंवा ७, फ्री टी४ नॉर्मल असा रिपोर्ट असेल, तर गोळीने वजनात जवळपास काहीच फरक पडत नाही. टीएसएच ६ आहे आणि वजन १५ किलोने वाढलंय असं कोणी म्हणालं, तर ते पंधरा किलो थायरॉइडच्या खात्यावर घालता येत नाहीत. हे ऐकताना माणसाचा चेहरा पडतो, ते मला दिसतं. तरीही सांगते. कारण न सांगितल्याने काय होतं, ते पुढे वाचा.

आमच्या बाईंनी घरातल्या दुसऱ्या कोणाच्या ५० च्या गोळ्या आपल्या १०० ला जोडल्या. दहा आठवड्यांनी आल्या तेव्हा वजन ६५.६ होतं आणि त्यांना तो विजय वाटत होता. नाडी मिनिटाला १०८. पुढे पसरलेल्या हातांची बोटं थरथरत होती. रात्री छातीत धडधडून जाग येत होती. मी त्यांना हाताचा आधार न घेता खाली बसून उठायला सांगितलं. त्यांना जमलं नाही. कंबरेचा घेर टेपने मोजला, तर तो आधीच्या नोंदीएवढाच. टीएसएच ०.०२.

मग उतरलं काय होतं? मांड्यांचा आणि दंडांचा स्नायू. हार्मोन गरजेपेक्षा जास्त झालं की शरीर प्रथिनं झपाट्याने मोडायला लागतं आणि स्नायूचा चांगलाच बळी जातो. हाडांचीही झीज होते, पाळी थांबलेल्या स्त्रियांमध्ये विशेष. हृदयाचा ठेका बिघडून एट्रियल फिब्रिलेशन होऊ शकतं, त्यातून पक्षाघाताचा धोका. शिवाय भूक वाढते, त्यामुळे उतरलेला आकडाही टिकत नाही. अमेरिकेत या औषधाच्या माहितीपत्रकावर चौकटीत इशारा छापलेला असतो की हे लठ्ठपणासाठी किंवा वजन घटवण्यासाठी वापरू नये. चौकटीतला इशारा म्हणजे तिथला सर्वात कडक इशारा.

ज्यांची ग्रंथी ठणठणीत आहे आणि तरीही ज्यांना ही गोळी "मेटाबॉलिझमसाठी" घ्यावीशी वाटते, त्यांच्यासाठी गच्चीवरची टाकी डोळ्यांसमोर आणा. टाकी भरली की आतला बॉल वर येतो आणि नळ बंद होतो. आपण बाहेरून बादलीने पाणी ओतलं तर नळ तेवढाच कमी वाहतो, पातळी तीच. निरोगी ग्रंथी रोज साधारण ८० ते १०० मायक्रोग्रॅम टी४ सोडते. वरून ५० ची गोळी घेतली की मेंदूतली पिट्यूटरी ते ओळखते, टीएसएच कमी करते आणि ग्रंथी आपलं काम तेवढं आवरतं घेते. रक्तातलं हार्मोन होतं तेवढंच राहतं. म्हणजे छोट्या डोसने काहीच होत नाही आणि टाकी ओसंडेल इतक्या मोठ्या डोसने वर सांगितलं ते सगळं होतं. या दोन्हींच्या मधे वजन उतरवणारा सुरक्षित डोस नाही.

गोळी खरंच कमी पडतेय का, हे टीएसएचवरून कळतं. वजनकाट्यावरून कळत नाही. टी४ रक्तातून निम्मं व्हायला साधारण सात दिवस लागतात, म्हणून डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांच्या आत तपासणी करण्यात अर्थ नाही. टीएसएच वरच राहिला तर आधी विचारा की गोळी रिकाम्या पोटी घेतली जाते का, आणि लोह किंवा कॅल्शियमची गोळी तिच्यापासून चार तास लांब आहे का. बऱ्याचदा डोस बरोबर असतो, पण गोळी नीट शोषलीच जात नसते.

बाईंना परत १०० वर आणलं. धडधड थांबायला तीन आठवडे गेले, कारण साठलेलं हार्मोन हळूहळूच उतरतं. तीन महिन्यांनी वजन ६७.५, टीएसएच २.४. या वेळी त्या जमिनीवरून हात न टेकता उठल्या, आणि उरलेल्या किलोंबद्दल आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा थायरॉइडचं नावही न काढता बोललो.