‘पुस्तकाची संपूर्ण मांडणी’ या तीन शब्दांबद्दल उत्तर

★☆☆☆☆
“वडिलांच्या आठवणींचं पुस्तक करायला दिलं. २३ हजारांत संपूर्ण पुस्तक म्हणाले. शेवटी हातात आणखी ११,२०० चं बिल. फोटोंचे वेगळे, प्रूफचे वेगळे, कव्हरचे पुन्हा वेगळे. शुद्धलेखनाच्या चुका आम्हीच शोधायच्या, आयएसबीएन आम्हीच काढायचा, ई-बुक तर नाहीच. सहा आठवडे सांगून चार महिने लावले. काम देखणं आहे, पण व्यवहार फसवा.”

नमस्कार दादा,

तुमचा अभिप्राय वाचून मी आपल्यातलं पहिलं पत्र, पाचही प्रूफं आणि सगळे मेसेज पुन्हा काढून पाहिले. ‘फसवा’ हा शब्द मला लागला. पण पत्र वाचल्यावर तुम्हाला तसं का वाटलं, ते कळलं. मी लिहिलं होतं : “पुस्तकाची संपूर्ण मांडणी, फोटोंसह. पानाला ९० रुपये, अंदाजे २०० पानं. मुखपृष्ठ ५,०००. तीन प्रूफं. मुदत सहा आठवडे.” काय करणार ते यात आहे. काय करणार नाही याची एक ओळही नाही. पहिलंच पुस्तक काढणाऱ्या माणसाने ‘संपूर्ण’ या शब्दाचा अर्थ संपूर्ण असाच घ्यायचा.

सगळ्यात मोठा घोटाळा ‘प्रूफ’ या शब्दाने केला. आमच्या कामात प्रूफ म्हणजे मांडणी करून तपासायला पाठवलेली पानं. बाहेर मात्र ‘प्रूफं बघणं’ म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ आणि विरामचिन्हं सुधारणं. ‘तीन प्रूफं’ वाचून तुम्हाला वाटलं की आमच्याकडचं कुणीतरी मजकूर तीनदा वाचणार. मला म्हणायचं होतं की पानं तीनदा तुमच्याकडे येणार आणि वाचायचं तुम्ही. मी तुम्हाला हे विचारायला हवं होतं, विचारलं नाही.

यात आणखी एक गुंता होता. वडिलांचा मजकूर श्रीलिपी या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला होता आणि तो आम्ही युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या सगळ्या संगणकांवर चालणाऱ्या अक्षरपद्धतीत आणला. या बदलात रफार सरकतात, पहिली वेलांटी भलत्या अक्षरावर जाते, आणि ‘ऱ्य’चा ‘र्य’ होतो. तुमच्या पुस्तकात सह्याद्रीच्या ‘दऱ्या’ दोन ठिकाणी ‘दर्या’ झाल्या होत्या. ‘दर्या’ हाही खरा शब्द असल्याने संगणकाच्या तपासणीत तो सापडत नाही, डोळ्यांनीच पकडावा लागतो. असल्या चुका आमच्या आहेत. त्या चौथ्या प्रूफात सापडोत की दहाव्या, त्यांचे पैसे घ्यायचे नसतात. मूळ हस्तलिखितातच ‘आणी’ असेल तर ते शुद्धलेखनाचं काम, म्हणजे मुद्रितशोधन. ते वेगळं माणूस करतं आणि त्याचा दर वेगळा असतो. या दोन चुकांमधली रेघ मी कागदावर कधी ओढलीच नाही. म्हणून चौथ्या आणि पाचव्या प्रूफाचे १,५०० रुपये मागताना त्यात दोन्ही प्रकारच्या दुरुस्त्या मिसळलेल्या होत्या. ते १,५०० मी परत करते आहे.

आता फोटोंकडे येते. तुम्ही ३४ फोटो पाठवले, बरेचसे व्हॉट्सअ‍ॅपवरून. तिथून साधा पाठवलेला फोटो आकसून येतो. छपाईला इंचाला साधारण ३०० ठिपके लागतात, म्हणजे पानावर चार इंच रुंद छापायचा फोटो किमान १,२०० ठिपके रुंद हवा. तुमचे बरेच फोटो तेवढे नव्हते, म्हणून मूळ प्रती मागवून आम्ही त्या स्कॅन केल्या, ओरखडे काढले, पिवळेपणा घालवला. फोटोमागे १५० प्रमाणे ५,१०० झाले. काम झालं आणि चांगलं झालं. पण ‘फोटोंसह’ हा शब्द माझा होता, आणि फोटो पानावर बसवणं व फोटो नीट करणं ही दोन कामं आहेत हे तुम्हाला मी स्कॅनिंग संपल्यावर सांगितलं. काम झाल्यावर सांगितलेल्या दराला ‘नाही’ म्हणायची सोय राहत नाही. हे ५,१०० ही परत.

मुखपृष्ठाचे जादा १,००० का लागले, हेही तुम्हाला कुणी समजावलं नव्हतं. दुसऱ्या प्रूफानंतर तुम्ही दोन नवी प्रकरणं दिलीत. आधी पुस्तक २०० पानांचं होतं. डेमी आकारात एका कागदावर एकत्र छापल्या जाणाऱ्या १६ पानांचा एक फर्मा धरतात, म्हणून आठ कोरी-जाहिरातीची पानं जोडून आपण ते २०८ वर, म्हणजे १३ फर्म्यांवर नेलं होतं. नव्या ४० पानांनी तीच आठ पानं धरून ते २४८ झालं असतं. आठ काढल्यावर नेमकं २४०, म्हणजे १५ फर्मे. पानं वाढली की पुस्तकाचा कणा जाड होतो. मुखपृष्ठ, कणा आणि मलपृष्ठ ही एकच सलग फाइल असते, त्यामुळे ती पुन्हा बांधावी लागली. अनुक्रमणिकाही बदलली. ‘दोनच प्रकरणं आहेत, घालून टाका’ असं तुम्ही म्हणालात तेव्हा मी फोनवर ‘हो, घालू’ म्हटलं आणि थांबले. पुढचं वाक्य मी बोललेच नाही. तेही १,००० परत.

४० नव्या पानांचे ३,६०० मात्र मी ठेवते आहे. पानाचा दर पहिल्या पत्रात स्पष्ट होता, ‘अंदाजे’ हा शब्दही होता, आणि ती पानं खरोखर वाढली. म्हणजे ११,२०० पैकी ७,६०० तुमच्याकडे परत येतील.

दोन मुद्द्यांवर माझं म्हणणं वेगळं आहे. ई-बुकचा विषय छपाईची फाइल तयार झाल्यावर निघाला. छपाईची पीडीएफ ठरलेल्या पानावर पक्की बसलेली असते, आणि ई-बुकचा मजकूर प्रत्येक फोनच्या पडद्यानुसार वाहता हवा. त्यासाठी शीर्षकं, तळटिपा, फोटो सगळं नव्याने बांधावं लागतं, आणि छापील पुस्तकाचा आयएसबीएन, म्हणजे ओळख क्रमांक, तोही ई-बुकला चालत नाही. हे काम मी २३ हजारांत धरलं नव्हतं, धरताही आलं नसतं. मुदतीबद्दल सांगायचं तर चार महिन्यांतले पाच आठवडे पहिलं प्रूफ तुमच्याकडे होतं. वडिलांची पानं वाचताना हात थांबतो, हे मला समजतं, त्यात तुमचा दोष नाही. पण प्रूफ तुमच्याकडे असताना माझी मुदत थांबते, हे मी लिहून ठेवलं असतं तर ‘सहा आठवडे’ हे वचन तुम्हाला खोटं वाटलं नसतं.

आयएसबीएन भारतात राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून मोफत मिळतो, आणि पुस्तक लेखक स्वतः काढत असेल तर अर्ज त्याच्याच नावाने जायला हवा. ते काम तुमच्याकडे राहणं बरोबरच होतं. फक्त ते तुम्हाला मुखपृष्ठावर बारकोडची जागा रिकामी दिसल्यावर कळलं. ते पहिल्या दिवशी कळायला हवं होतं.

तुमच्या कामानंतर मी पत्राचा मसुदा बदलला. इथे देते, कारण पुढे कुणी आमच्याकडे किंवा दुसऱ्या कुणाकडे पुस्तक देणार असेल तर हीच वाक्यं मागून घ्यावीत असं मला वाटतं :

“या दरात येतं : युनिकोड मजकूर पानांवर बसवणं, जुन्या फाँटमधून आणताना बिघडलेली अक्षरं सुधारणं, चांगल्या प्रतीचे फोटो जागेवर घालणं, मुखपृष्ठाचे दोन नमुने आणि त्यातल्या एकाची छपाईयोग्य फाइल. काम पूर्ण झालं म्हणजे छपाईची पीडीएफ तुमच्या हाती आली.

या दरात येत नाही : शुद्धलेखन तपासणं (तुम्ही कराल, किंवा आम्ही मुद्रितशोधक सुचवू, त्यांचे पैसे थेट त्यांना). फोटो स्कॅन करणं व सुधारणं (फोटोला १५० रुपये, आधी संख्या ठरवून). आयएसबीएनचा अर्ज (तुमच्या नावाने, तुम्ही, फॉर्म भरताना फोनवर मदत करू). ई-बुक (छपाईनंतर वेगळा अंदाज). छपाई आणि कागद (छापखान्याशी तुमचा व्यवहार).

एक प्रूफ म्हणजे तुमच्या सगळ्या दुरुस्त्या एकाच प्रतीवर, एकदाच. आमच्या चुका कधीही, बिनपैशाने. पहिल्या प्रूफानंतर नवा मजकूर आला तर काम थांबवून आधी पानं, पैसे आणि दिवस कळवू. प्रूफ तुमच्याकडे असताना मुदत थांबते.”

‘येत नाही’च्या प्रत्येक ओळीत कंसात ते काम मग कोण करणार किंवा त्याचे पैसे कसे ठरणार हे लिहिलं आहे. नुसतं ‘शुद्धलेखन समाविष्ट नाही’ लिहिलं तर वाचणारा ते वाचून विसरतो. ‘तुम्ही कराल’ लिहिलं की तो लगेच विचारतो, ‘मला कसं जमणार?’ तो प्रश्न पहिल्या दिवशी यावा, यासाठीच ती ओळ. ‘वर न लिहिलेलं काहीही समाविष्ट नाही’ असं एक सरसकट वाक्य मी मुद्दाम घातलं नाही. त्याने माझं रक्षण झालं असतं, पण ई-बुक वेगळं असतं हे कुणाला त्यावरून कळलं नसतं. आणि यादी लांबवलेली नाही. ज्या पाच गोष्टी माणसं सहज धरून चालतात, तेवढ्याच घेतल्या. वीस ओळींची यादी कुणी वाचत नाही.

दुसरी सवय मी स्वतःला लावली आहे. मधेच काही वाढलं तर काम सुरू करण्याआधी एक मेसेज : “दोन प्रकरणं, ४० पानं, ३,६०० रुपये, मुखपृष्ठाचे १,०००, आठ दिवस जास्त. करू का?” ‘हो’ आल्याशिवाय फाइल उघडायची नाही. बदल लहान असेल आणि पैसे घ्यायचे नसतील, तरी मेसेज जातो, त्यात ‘० रुपये’ लिहून. तुमच्या पहिल्या चार-पाच दुरुस्त्या मी गप्प राहून फुकट केल्या होत्या. त्यामुळे सहावीला पैसे लागतील हे तुम्हाला कळायला काही कारणच नव्हतं, आणि शेवटी एकदम आलेलं बिल तुम्हाला लबाडी वाटलं.

७,६०० रुपये ज्या खात्यातून आले त्याच खात्यात आज पाठवले आहेत. मूळ मांडणीची फाइलही पाठवते आहे, म्हणजे दुसऱ्या आवृत्तीला तुम्ही कुणाकडेही जाऊ शकाल. पृष्ठ ११२ वरच्या फोटोखालचं गाव तुम्ही शेवटच्या फोनवर बदलायला सांगितलं होतं, ते या फाइलमध्ये बदललं आहे. छापखान्याला जुनी पीडीएफ गेली असेल तर कृपया आजच थांबवा.